टेबलावरच्या क्यूआर कोडवरून चालू बिल आणि पैसे: ही व्यवस्था कशी उभी करायची

रेस्टॉरंटच्या टेबलावर चिकटवलेल्या क्यूआर कोडमध्ये बिल साठवलेलं नसतं. त्यात ना रक्कम असते, ना पदार्थांची यादी. असतो तो फक्त एक छोटा वेबपत्ता, आणि त्या पत्त्यात 'हे बारा नंबरचं टेबल' एवढीच ओळख दडलेली असते. खरं बिल काउंटरवरच्या पीओएसमध्ये, म्हणजे वेटर जिथे ऑर्डर पंच करतो त्या प्रणालीत, उघडं असतं. पाहुण्याच्या फोनवर जे दिसतं ते त्या उघड्या बिलाचं त्या क्षणाचं चित्र. आणि पैसे तिसऱ्याच ठिकाणी, पेमेंट गेटवेकडे, म्हणजे कार्डावरून किंवा खात्यातून पैसे घेणाऱ्या सेवेकडे जातात.

टेबल, बिल आणि पैसे या तीन गोष्टींची सांगड घालणं हेच या व्यवस्थेचं खरं काम आहे. एखाद्या ठिकाणी कोडवरून पैसे भरताना गोंधळ झाला असेल, तर त्याचं मूळ बहुतेक वेळा या तिघांपैकी दोघांच्या सांध्यात सापडतं. म्हणून हा लेख त्या सांध्यांवर जास्त थांबतो आणि पडद्याच्या दिसण्यावर कमी. तुम्ही तयार सेवा विकत घेत असाल तर पुढचे टप्पे विक्रेत्याला विचारायचे प्रश्न म्हणून वाचा. स्वतः बांधत असाल तर कामाचा क्रम म्हणून.

## कोडमध्ये काय लिहायचं

कोडमधला पत्ता लहान ठेवा आणि तो स्वतःच्या मालकीच्या डोमेनवर ठेवा. उदाहरणार्थ:

```
https://pay.example.com/t/7KQ2M9XB
```

शेवटची आठ अक्षरं म्हणजे टेबलाची ओळख. तिथे सरळ `12` लिहू नका. तसं केलं तर कोणीही पत्त्यातला आकडा बदलून शेजारच्या टेबलाचं बिल उघडू शकेल. अंदाज करता येणार नाही अशी अक्षरं घ्या आणि कोणती अक्षरं कोणत्या टेबलाची, ही जोडणी सर्व्हरवर ठेवा. टेबलांचे नंबर बदलले तर तेवढी जोडणी बदलायची, छपाई तशीच राहते.

डोमेन स्वतःचं का, तर कोड एकदा छापून टेबलावर डकवला की तो वर्षानुवर्षं तिथेच राहतो. पत्ता विक्रेत्याच्या डोमेनवर असेल तर विक्रेता बदलताना प्रत्येक टेबलावरचा कोड खरवडून नवा लावावा लागतो. स्वतःच्या डोमेनवरून पुढे वळवणं ठेवलं, तर एका सेटिंगमध्ये काम होतं.

लहान पत्त्याचा आणखी एक फायदा असा की कोडमधले चौकोन कमी आणि मोठे होतात, त्यामुळे मंद प्रकाशातही फोनला तो पटकन वाचता येतो. क्यूआर कोडमध्ये चूक सुधारण्याच्या चार पातळ्या असतात: L, M, Q आणि H. त्या अनुक्रमे साधारण 7, 15, 25 आणि 30 टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचू देतात. टेबलावर डाग पडतात, ओरखडे येतात, म्हणून M किंवा Q घ्या. कोडच्या चारही बाजूंना किमान चार चौकोनांइतकी कोरी जागा सोडा. नक्षीदार चौकट अगदी चिकटून छापल्यामुळे कोड वाचला जात नाही, हा दोष वारंवार दिसतो.

कोडखाली डोमेनचं नाव वाचता येईल अशा अक्षरांत छापा. 2022 च्या जानेवारीत अमेरिकेतल्या ऑस्टिन शहरात पार्किंगच्या मीटरवर कोणीतरी खोटे क्यूआर कोड चिकटवून लोकांना बनावट पैसे भरण्याच्या पानावर नेत असल्याचं तिथल्या पोलिसांनी जाहीर केलं होतं, आणि त्याच महिन्यात एफबीआयनेही अशा कोडांबद्दल इशारा दिला. टेबलावरही हेच होऊ शकतं. छापलेलं नाव आणि फोनवर उघडलेलं नाव एकच आहे का, हे पाहुण्याला पडताळता आलं पाहिजे. कर्मचाऱ्यांनी टेबल पुसताना कोडावर दुसरं स्टिकर बसलंय का, हे बोट फिरवून बघण्याची सवय लावून घ्यावी.

## टेबलावरून बिलापर्यंत

इथे पहिला नाजूक सांधा येतो. टेबल कायमचं असतं आणि बिल तासाभराचं. कोड टेबल सांगतो. त्या टेबलावर आत्ता कोणतं बिल उघडं आहे, हे पीओएसला विचारावं लागतं. उत्तराच्या तीन शक्यता असतात आणि तिन्ही आधीच ठरवून ठेवाव्या लागतात.

एकच उघडं बिल असेल तर ते दाखवा. एकही नसेल तर मेनू दाखवा किंवा 'या टेबलावर अजून बिल सुरू झालेलं नाही' असं स्पष्ट सांगा. कोरं पान दाखवू नका आणि मागचं मिटलेलं बिल तर मुळीच दाखवू नका.

तिसरी शक्यता म्हणजे दोन किंवा अधिक उघडी बिलं. मोठ्या टेबलावर दोन वेगळे गट बसलेले असतात, किंवा दुपारचं एक बिल वेटर मिटवायला विसरलेला असतो. अशा वेळी 'सगळ्यात नवं दाखवा' हा नियम सोपा वाटतो, पण त्यामुळे एक गट दुसऱ्या गटाचे पैसे भरू शकतो. त्याऐवजी पाहुण्याला बिलाच्या नंबरचे शेवटचे काही आकडे विचारा. ते आकडे वेटरच्या हँडसेटवर किंवा छापील बिलावर असतात. हा एक जादा टप्पा फक्त अशाच टेबलांपुरता येतो, त्यामुळे त्याचा त्रास फारसा होत नाही.

बिल एकदा सापडलं की त्या फोनचं सत्र, म्हणजे कोड उघडल्यापासून चालू असलेली त्याची जोडणी, त्या बिलाच्या ओळखीला बांधा, टेबलाच्या ओळखीला नको. कारण पाहुणे उठून बारावरून पंधरा नंबरला जातात आणि वेटर पीओएसमध्ये बिल तिकडे हलवतो. सत्र टेबलाला बांधलेलं असेल तर त्यांच्या फोनवर अचानक बारा नंबरला नव्याने आलेल्या लोकांचं बिल दिसू लागेल. बिलाला बांधलेलं असेल तर त्यांचं स्वतःचं बिल त्यांच्याबरोबर फिरतं.

कोड टेबलावर कायमचा असल्यामुळे त्याचा फोटो काढून कोणी घरी बसूनही तो उघडू शकतं. म्हणून बिल मिटलं की सत्र संपलं पाहिजे, आणि उघड्या बिलावर नाव, फोन नंबर, सदस्यत्व क्रमांक अशी पाहुण्याची कोणतीही ओळख दिसता कामा नये. याहून जास्त काटेकोरपणा हवा असेल तर वेटरने छापून दिलेल्या बिलावर त्या बिलापुरता वेगळा कोड छापता येतो. तो बिल मिटताच निरुपयोगी होतो. मात्र मग पाहुण्याला बिल मागावं लागतं, आणि टेबलावरच्या कोडचा मुख्य फायदा निघून जातो. माझं मत विचाराल तर जिथे टेबलं अंगणात, रस्त्यालगत, सहज हात पोचेल अशी आहेत तिथे छापील बिलावरचा कोड बरा. आत बसवणाऱ्या ठिकाणी टेबलावरचा पुरेसा आहे.

## पदार्थवार बिल दाखवताना

इथे एकच नियम पाळा: बेरीज स्वतः करू नका. पीओएसने काढलेले आकडे जसेच्या तसे दाखवा. कर प्रत्येक ओळीवर काढून पूर्णांकित करायचा की एकूण रकमेवर, सवलत कर लावण्याआधी वजा होते की नंतर, सेवा शुल्कावर कर लागतो का, या प्रत्येक प्रश्नाचं उत्तर पीओएसच्या सेटिंगमध्ये असतं. फोनवरच्या पानाने तेच गणित वेगळ्या क्रमाने केलं तर शेवटच्या दशांशात फरक पडतो. मग पाहुणा पूर्ण पैसे भरतो, पण पीओएसमध्ये एक नाणं बाकी राहतं आणि बिल मिटत नाही. रात्री अशी अर्धवट उघडी बिलं दिसली आणि प्रत्येकावर अगदी क्षुल्लक बाकी असेल, तर दोष इथेच आहे असं समजा.

रक्कम चलनाच्या सगळ्यात लहान एककात, पूर्णांक म्हणून, एका ठिकाणाहून दुसरीकडे पाठवा. 2156.00 ऐवजी 215600. संगणकात दशांश रकमांच्या बेरजा कधी कधी किंचित हुकतात, पूर्णांकांच्या हुकत नाहीत.

पीओएसकडून येणाऱ्या बिलाचा गाभा साधारण असा असतो. नावं प्रणालीनुसार बदलतात, पण या गोष्टी लागतातच:

```
{
  "check_id": "c_48121",
  "table": "12",
  "version": 17,
  "total": 215600,
  "paid": 0,
  "due": 215600
}
```

यातला `version` फार मोलाचा आहे. बिलात काहीही बदललं की हा आकडा वाढतो. पाहुण्याने कोणतं बिल पाहून पैसे भरायचं ठरवलं, हे त्यावरूनच कळतं. Square या पीओएस प्रणालीच्या ऑर्डरमध्ये नेमका याच नावाचा आकडा असतो आणि जुना आकडा घेऊन आलेला बदल ती प्रणाली नाकारते. तुमच्या पीओएसमध्ये तो नसेल तर ओळी आणि एकूण रक्कम यांवरून स्वतः एक खूण तयार करून ठेवा.

ओळींमध्ये रद्द केलेला पदार्थ दाखवायचा की लपवायचा, हा प्रश्न येतो. दाखवा, पण वेगळ्या रंगात आणि शून्य रकमेसह. पाहुण्याने परत पाठवलेला पदार्थ बिलातून खरंच निघाला का, हे त्याला बघायचंच असतं. ती ओळ दिसली की वेटरला बोलावून विचारण्याची गरज राहत नाही.

आता ताजेपणाबद्दल. काही पीओएस इंटरनेटवर चालतात, तर काही रेस्टॉरंटमधल्याच एका संगणकावर. दुसऱ्या प्रकारात एक छोटा प्रोग्रॅम तिथलं बिल ठरावीक अंतराने बाहेर पाठवतो, आणि तिथलं नेट गेलं की फोनवर जुनंच चित्र राहतं. म्हणून बिलाच्या वर 'शेवटचं अद्ययावत' ही वेळ दाखवा. आणि पैसे भरण्याचं बटण दाबल्यावर बिल पुन्हा एकदा थेट पीओएसकडून आणा. ते मिळालं नाही तर पैसे घेऊ नका. जुन्या चित्रावर घेतलेले पैसे परत करताना सगळ्यांचाच वेळ जातो.

एक गोष्ट मात्र कोणतीही प्रणाली दाखवू शकत नाही. वेटरने हँडसेटवर टिपलेली पण अजून स्वयंपाकघरात न पाठवलेली ऑर्डर पीओएसमध्ये पोचलेलीच नसते. त्यामुळे 'मी मागवलेलं बिलात नाही' असं पाहुणा म्हणाला तर आधी वेटरचा हँडसेट बघा.

## पैसे भरताना काय घडतं: बारा नंबरच्या टेबलाचं उदाहरण

चार जण बसले आहेत. चलन कोणतंही समजा. बिलात दोन सूप प्रत्येकी 120, चार मुख्य पदार्थ 310, 310, 280 आणि 350, तीन पेयं प्रत्येकी 90, आणि सगळ्यांनी मिळून घेतलेलं 200 चं एक ताट आहे. बेरीज 1960. कर 10 टक्के धरू, म्हणजे 196. एकूण 2156.

पहिली पाहुणी घाईत आहे. ती कोड स्कॅन करते आणि आपल्या ओळी निवडते: सूप 120, मुख्य पदार्थ 310, पेय 90 आणि सामायिक ताटाचा चौथा हिस्सा 50. बेरीज 570, कर 57, एकूण 627. ती बटण दाबते तेव्हा सर्व्हर गेटवेकडे जाण्याआधी या ओळी तिच्या नावाने राखून ठेवतो. हे राखणं तीन ते पाच मिनिटांचं असावं. तेवढ्या वेळात दुसऱ्या कोणाच्या फोनवर त्या ओळी 'भरणा सुरू' अशा दिसतात आणि निवडता येत नाहीत. राखण नसेल तर एकाच सूपाचे पैसे दोघं जण भरतात.

मग गेटवेकडे विनंती जाते. तिच्याबरोबर या प्रयत्नाची एकमेव अशी खूण पाठवायची असते:

```
POST /payments
Idempotency-Key: c_48121-p1-a1
```

नेट अडखळलं आणि तीच विनंती पुन्हा गेली, तरी या खुणेमुळे गेटवे दुसऱ्यांदा पैसे कापत नाही; पहिल्या विनंतीचंच उत्तर परत देतो. गेटवेंपैकी Stripe अशी खूण किमान 24 तास लक्षात ठेवतं. पण इथे एक अडचण आहे. कार्ड नाकारलं गेलं आणि पाहुणीने दुसरं कार्ड घेतलं, तर तो नवा प्रयत्न आहे आणि त्याला नवी खूण हवी. जुनीच वापरली तर जुनं 'नाकारलं' हेच उत्तर पुन्हा पुन्हा येत राहील, किंवा गेटवे ती विनंतीच फेटाळेल. पाहुणीला वाटेल दुसरं कार्डही चालत नाही.

कार्डाचा नंबर तुमच्या पानावरून किंवा सर्व्हरवरून जाऊ देऊ नका. गेटवेने दिलेला कार्डाचा नंबर भरण्याचा चौकोन किंवा गेटवेचंच पान वापरा. कार्डाच्या सुरक्षिततेचे जे पीसीआय डीएसएस नियम आहेत, त्यांचं बरंचसं ओझं एवढ्यानेच कमी होतं.

पाहुणी 627 बरोबर 63 टिप देते. तिच्या कार्डावरून 690 जातात. पीओएसला मात्र ही नोंद दोन भागांत जायला हवी: बिलापोटी 627, टिप 63. हे मी ठासून सांगतो, कारण जोडणी करताना अनेकदा 690 ही एकच रक्कम पाठवली जाते. मग पीओएस म्हणतो की 690 आले, बाकी 1466. खरी बाकी 1529. शेवटच्या माणसाचे 63 कमी घेतले जातात आणि वेटरची टिप नाहीशी होते. दिवसाच्या हिशेबातली तूट त्या दिवशी फोनवरून आलेल्या टिपांच्या बेरजेइतकीच असेल, तर दोष हाच आहे यात शंका घेऊ नका.

दरम्यान उरलेल्या तिघांनी 150 चं एक गोड मागवलं आणि वेटरने ते पंच केलं. करासह 165. एकूण 2321 झालं, `version` पुढे सरकला. दुसऱ्या पाहुण्याच्या फोनवर मात्र अजून '1529 बाकी' दिसतंय, आणि तो 'उरलेलं सगळं भरा' दाबतो. इथे सर्व्हरने थांबलं पाहिजे. पाठवलेला `version` जुना आहे, म्हणून 'बिलात एक पदार्थ वाढला आहे, आता बाकी 1694' असं दाखवून पुन्हा संमती मागितली पाहिजे. गुपचूप 1694 कापणं चूक आहे, कारण पाहुण्याने 1529 ला हो म्हटलं होतं. गुपचूप 1529 घेणंही चूक, कारण पाहुणा सगळं भरलं समजून निघून जाईल.

लक्षात घ्या, पहिल्या पाहुणीचं पैसे भरणं अजून चालू असतं तरी तिला थांबवायची गरज नव्हती. तिने ठरावीक ओळी निवडल्या होत्या आणि त्या ओळी बदललेल्या नाहीत. जुना `version` दिसला की सरसकट नाकारणारी प्रणाली गजबजलेल्या वेळी लोकांना हैराण करते. एखाद्याचा हिस्सा एकूण रकमेवर अवलंबून असेल तरच थांबवा.

तिघं आता ठरवतात की उरलेले 1694 समान वाटायचे. भागाकार येतो 564.666 असा न संपणारा. लहान एककात 169400 ला तीनने भागलं की 56466 येतात आणि 2 उरतात. ते दोन एकक पहिल्या दोघांना एकेक द्या: 564.67, 564.67 आणि 564.66. बेरीज नेमकी 1694. प्रत्येकाचा हिस्सा स्वतंत्रपणे पूर्णांकित केला असता तर तिघांचे 564.67 होऊन एक एकक जास्त आलं असतं. वाटणी कोणीही पहिल्यांदा मागितली की तिघांचेही हिस्से तेव्हाच एकदम ठरवून टाकायचे, म्हणजे नंतर येणाऱ्याला वेगळा आकडा दिसत नाही.

दुसऱ्या पाहुण्याचे 564.67 व्यवस्थित जातात. तिसऱ्याला त्याची बँक स्वतःच्या ॲपमध्ये नेऊन खातरजमा करायला लावते. तो 'मान्य' दाबतो आणि तेवढ्यात त्याच्या फोनची बॅटरी संपते. पैसे गेले आहेत, पण त्याचा ब्राउझर तुमच्या 'धन्यवाद' पानावर परत आलाच नाही.

याच ठिकाणी घाईने बांधलेल्या जोडण्या मोडतात. पैसे आले हे परतीच्या पानावरून ठरवायचं नाही. गेटवे तुमच्या सर्व्हरला थेट जो निरोप पाठवतो, ज्याला वेबहुक म्हणतात, त्यावरून ठरवायचं. तो निरोप पाहुण्याच्या फोनवर अवलंबून नसतो. त्याच्यावरची गेटवेची डिजिटल सही तपासा, नाहीतर कोणीही खोटा 'पैसे आले' असा निरोप पाठवू शकेल. तोच निरोप दोनदा आला तर दुसऱ्याकडे दुर्लक्ष करा, कारण गेटवेला तुमची पोच मिळाली नाही तर तो पुन्हा पाठवतो. Stripe हे तीन दिवसांपर्यंत करत राहतं. आणि पाहुण्याच्या पडद्यावर निरोप येईपर्यंत 'तपासत आहोत, पुन्हा भरू नका' असं ठळक लिहा. हे पाच शब्द नसल्यामुळे लोक दुसऱ्यांदा पैसे भरतात.

निरोप यायला उशीर झाला आणि राखलेल्या ओळींची मुदत संपली तर? पैसे आलेले असतील तर ते बिलात धराच. मुदत ही दुसऱ्यांना अडवण्यासाठी आहे, आलेले पैसे नाकारण्यासाठी नाही. मधल्या वेळात दुसऱ्याने त्याच ओळींचे पैसे भरले असतील तर नंतर आलेली रक्कम परत करा, आणि ती परत केल्याचं त्या पाहुण्याला पावतीवर दिसू द्या.

चौथा पाहुणा रोख देतो. वेटर पीओएसमध्ये 564.66 रोख टाकतो. बाकी शून्य होते आणि बिल मिटतं.

## पैसे आले, पण पीओएसला कळलं नाही

हा या व्यवस्थेचा सगळ्यात महागात पडणारा दोष आहे. गेटवेकडे पैसे जमा झाले, आणि तुमचा सर्व्हर पीओएसमध्ये नोंद करायला गेला तर पीओएस बंद. पाहुणा उठून चालला आहे, आणि वेटरच्या पडद्यावर बिल उघडंच आहे. तो दारापर्यंत मागे जातो. चूक कोणाचीच नसताना दोघांचाही अपमान होतो.

बचावाचे दोन मार्ग आहेत. पहिला म्हणजे कार्डावर आधी रक्कम फक्त अडवून ठेवायची, पीओएसने नोंद स्वीकारली की मगच ती प्रत्यक्ष घ्यायची. Stripe मध्ये यासाठी `capture_method` ला `manual` ठेवतात. पीओएसने नकार दिला तर अडवलेली रक्कम सोडून देता येते. पण हे कार्डांपुरतं ठीक आहे; खात्यातून लगेच पैसे वळते करणाऱ्या अनेक पद्धतींत 'अडवून ठेवणं' हा प्रकारच नसतो.

म्हणून दुसरा मार्ग सगळीकडे लागतोच. नोंद फसली तर ती रांगेत ठेवा आणि थोड्या थोड्या वेळाने पुन्हा पाठवा. प्रत्येक नोंदीबरोबर गेटवेचा व्यवहार क्रमांक जोडा, म्हणजे उशिरा दोनदा पोचली तरी पीओएसमध्ये दोनदा धरली जाणार नाही. आणि कर्मचाऱ्यांसाठी पीओएसपेक्षा वेगळा एक पडदा ठेवा, अगदी साध्या टॅबलेटवर चालेल. त्यावर 'टेबल 12, 564.67 आले, बिलात नोंद बाकी' असं दिसलं पाहिजे. पीओएस बंद असताना वेटरला विश्वास ठेवायला दुसरं काहीच नसतं. त्याच पडद्यावर 'भरणा सुरू' हीही खूण दाखवा, नाहीतर पाहुणा फोनवर भरत असतानाच वेटर रोख घेऊन बिल मिटवेल.

उलट बाजूचीही तयारी ठेवा. काही पैसे भरल्यानंतर वेटरने एखादा पदार्थ रद्द केला, तर भरलेली रक्कम बिलापेक्षा जास्त होऊ शकते. अशा बिलाला पीओएस 'मिटलं' म्हणतो आणि जास्तीचे पैसे तसेच राहतात. पैसे येऊन गेलेली ओळ रद्द करायला व्यवस्थापकाची परवानगी लागेल अशी सेटिंग करा, आणि परतावा ज्याने ती ओळ भरली त्याच्याच कार्डावर जाईल असं बघा.

## सुरू करण्याआधी टेबलावर बसून करायची तपासणी

एका रिकाम्या टेबलावर चाचणीचं बिल उघडा आणि दोन फोन घेऊन बसा. दोन्हींवर एकच ओळ निवडून एकदम पैसे भरून बघा. एकाला अडवलं गेलं पाहिजे. एका फोनवर बाकी दिसत असताना पीओएसमध्ये पदार्थ वाढवा आणि 'सगळं भरा' दाबा. बँकेच्या खातरजमेच्या पानावर फोन विमान मोडमध्ये टाका आणि पैसे बिलात धरले गेले का, पाहा. बिल दुसऱ्या टेबलावर हलवा आणि फोन कोणतं बिल दाखवतो ते बघा. पीओएसचं नेट काढून पैसे भरा. बिल मिटल्यावर तोच कोड स्कॅन करा; जुनं बिल दिसलं तर बाकी काहीही तपासण्याआधी ते दुरुस्त करा.

पहिले काही आठवडे रोज रात्री पीओएसमधली 'टेबलावरून भरणा' ही बेरीज आणि गेटवेमधली त्याच दिवसाची बेरीज शेजारी ठेवा. टिप दोन्हीकडे वेगळी काढा. गेटवेकडे जास्त असेल तर कुठलीतरी नोंद रांगेत अडकली आहे. पीओएसकडे जास्त असेल तर एखादा निरोप दोनदा धरला गेला आहे, किंवा परतावा नोंदवायचा राहिला आहे. बँकेत जमा होणारी रक्कम याच्याशी लगेच जुळणार नाही, कारण गेटवे आपलं शुल्क कापून आणि उशिराने पैसे पाठवतो. ती जुळणी गेटवेच्या जमा-अहवालावरून वेगळी करा, आणि तफावत सापडली की व्यवहार क्रमांकावरून थेट त्या टेबलाच्या त्या बिलापर्यंत जा.